फोटोतले काळे ठिपके: माती की पिसवांची विष्ठा?

कुत्र्याच्या पाठीचा फोटो टाकून ‘ही गोचीड आहे का?’ असं विचारलं जातं, तेव्हा मी आधी शेपटीच्या बुडाशी पाहते. तिथे केस विंचरल्यासारखे बाजूला करून, उजेडात, कातडीजवळून काढलेल्या फोटोत मिरपुडीसारखे काळे कण दिसले, तर पिसवांचा संशय घ्यावा. पण कण मातीचेही असू शकतात, आणि फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून ते कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा नि मिनिटभर थांबा. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. माती तशी रंग सोडत नाही.

‘पण एकही पिसू दिसत नाही,’ हा आक्षेप नेहमीचा. पिसू चपळ असते, आणि मांजर तर चाटून ती गिळूनही टाकतं. चाव्याची ॲलर्जी असेल तर मोजक्या पिसवांनीही खाज सुटते, आणि शेपटीच्या बुडाशी केस विरळ होतात. कोंडा सुटलेलं गोल टक्कल मात्र गजकर्णाचंही असू शकतं. तो माणसालाही होतो, त्यामुळे तिथे फोटोवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.

गोचिडीचं वेगळं. ती कातडीला घट्ट चिकटलेली, रक्त पिऊन फुगलेली राखाडी गाठ दिसते. झूम करून कातडीलगत बारीक पाय शोधा. पोटावर दोन रांगांत दिसणाऱ्या गाठी बहुधा स्तनाग्रं असतात, नरालाही. (त्या उपटू नका!)