छायाचित्रावरून बदली दिव्याची निवड

निकामी झालेल्या विजेच्या दिव्याच्या जागी बसेल असा नवा दिवा निवडण्यासाठी जुन्या दिव्याच्या छायाचित्रात तीन खुणा पाहतात. त्या म्हणजे टोपी (होल्डरमध्ये बसणारा धातूचा भाग), काचेचा आकार आणि आतील तंतू. यांपैकी टोपी जुळली नाही तर दिवा बसतच नाही, म्हणून तिचा विचार प्रथम करतात. छायाचित्रातून रूप कळते, पण माप कळत नाही. लहान आणि मोठ्या टोप्या चित्रात सारख्याच दिसत असल्याने निवडीतील चूक बहुधा येथेच होते.

मापासाठी नाणे

दिवा बंद करून, थंड झाल्यावर काढावा. तो आडवा ठेवून टोपीशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. छायाचित्र अगदी वरून, सुमारे एक मीटर अंतरावरून घेऊन नंतर मोठे करून पाहावे. कॅमेरा फार जवळ नेल्यास, नाण्यापेक्षा उंचावर असलेला दिव्याचा फुगीर भाग प्रत्यक्षाहून मोठा दिसतो.

टोपी

भारतातील घरांत सर्वाधिक आढळणारी टोपी गुळगुळीत असून तिच्या बाजूंना समोरासमोर दोन खिळ्या असतात. दिवा दाबून व किंचित फिरवून बसवावा लागतो. ही बी२२ टोपी २२ मिलिमीटर रुंद असते. दुसऱ्या प्रकारच्या टोपीला आटे असतात. तिची रुंदी नाण्याइतकी असल्यास ती ई२७ आणि नाण्याच्या जवळजवळ निम्मी असल्यास ई१४ होय. नावातील अंक मिलिमीटरमधील रुंदी दर्शवतो.

अमेरिकेतील ई२६ टोपी ई२७ पासून छायाचित्रात वेगळी ओळखता येत नाही. तेथून आणलेल्या मेजदिव्यातील १२० व्होल्टचा बल्ब येथील ई२७ होल्डरमध्ये बसतो, परंतु २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो लगेच जळतो. म्हणून काचेवर किंवा टोपीवर छापलेला व्होल्टचा आकडा वाचणे आवश्यक असते.

काचेचा आकार

नेहमीच्या पेरूसारख्या बल्बाला ए६० आणि मेणबत्तीच्या ज्योतीसारख्या निमुळत्या बल्बाला सी३५ म्हणतात. येथे अंक काचेची सर्वाधिक रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. टोपी जुळूनही काच मोठी असल्यास दिवा अरुंद आच्छादनात बसत नाही.

तंतू

तंतू पाहण्यासाठी दिवा बंद असतानाचे छायाचित्र घ्यावे, कारण पेटलेल्या दिव्याच्या चित्रात केवळ पांढरा झोत दिसतो. केसासारखी बारीक, आधारतारांवर ताणलेली तार टंगस्टनची असते. ती तुटलेली दिसल्यास दिवा जळाल्याची खात्री पटते. सरळ, जाडसर व पिवळ्या काड्या दिसल्यास तो एलईडी तंतूचा दिवा असतो. दुधी काचेत मात्र ही खूण दिसत नाही.

टंगस्टनच्या जागी बहुतेक ठिकाणी एलईडी चालतो, परंतु भट्टीच्या (ओव्हनच्या) आतील दिवा याला अपवाद आहे. तेथील उष्णतेत एलईडीमधील इलेक्ट्रॉनिक भाग टिकत नाहीत, म्हणून भट्टीसाठीचाच टंगस्टन दिवा घ्यावा लागतो. प्रकाश कमी-अधिक करणाऱ्या बटणावर साधा एलईडी लुकलुकतो. तेथे 'डिमेबल' असे छापलेला दिवा लागतो.

उदाहरण

झुंबरातील एका बल्बाच्या छायाचित्रात नाणे ५४ मिलिमीटर, आट्यांची टोपी २८ मिलिमीटर आणि काच ७० मिलिमीटर रुंद दिसते. नाणे प्रत्यक्षाच्या दुप्पट दिसत असल्याने टोपी १४ आणि काच ३५ मिलिमीटरची ठरते. आकार ज्योतीचा आणि तार बारीक आहे. म्हणजे हा ई१४ टोपीचा, सी३५ आकाराचा टंगस्टन बल्ब होय. काचेवर ४० वॅट छापलेले असल्यास, सुमारे ४०० ल्युमेन प्रकाश देणारा, ४ वॅटच्या आसपासचा, त्याच टोपीचा व आकाराचा एलईडी त्याच्या जागी योग्य ठरतो.

ट्यूबलाइट

नाण्याची कसोटी नळीलाही लागू पडते. नळी जवळजवळ नाण्याइतकी जाड असल्यास ती टी८ (२६ मिलिमीटर), निम्म्याहून थोडी अधिक जाड असल्यास टी५ (१६ मिलिमीटर) आणि दीडपटीच्या जवळ असल्यास जुनी टी१२ (३८ मिलिमीटर) असते. टी८ आणि टी१२ नळ्यांच्या टोकांवरील दोन पिनांत १३ मिलिमीटर अंतर असते, तर टी५ मध्ये ५ मिलिमीटर. त्यामुळे टी५ नळी टी८ च्या पट्टीत बसत नाही. लांबी छायाचित्रावरून न ठरवता फीतपट्टीने मोजावी. टी८ ची चार फुटी नळी सुमारे १,२०० मिलिमीटर, तर २८ वॅटची टी५ नळी सुमारे १,१५० मिलिमीटर लांब असते.

जुन्या पट्टीत एलईडी नळी बसवताना चोक व स्टार्टर ठेवायचे की काढायचे, तसेच वीज एका टोकाला जोडायची की दोन्ही, हे प्रत्येक नळीनुसार बदलते. छायाचित्रातून ते समजत नाही. वेष्टनावरील जोडणीची आकृती पाहून, मुख्य वीजपुरवठा बंद करूनच हे काम करतात.