रिपोर्ट हातात आल्यावर आक्कांना कसं सांगायचं?

आजचा विषय आहे मोठ्या आजाराची बातमी सांगण्याचा. तपासणीत कॅन्सर निघाला, तर ते त्या बाईला आणि तिच्या घरच्यांना कुणी, कुठं आणि कोणत्या शब्दांत सांगायचं? सांगण्याचं काम डॉक्टरांचं आहे. पण बरोबर जाणारा मुलगा, सून, जाऊ, आशाताई किंवा गटातली मैत्रीण यांना ही रीत माहीत असली, तर डॉक्टरांकडं तशी मागणी करता येते, आणि त्या बाईलाही सावरता येतं.

या बोलण्याची पद्धतशीर मांडणी करणारे एक डॉक्टर होते, कॅनडातले रॉबर्ट बकमन. अमेरिकेतले वॉल्टर बेल आणि इतर सहकारी यांच्याबरोबर त्यांनी 2000 साली ती सहा पायऱ्यांत लिहिली. जगभर कॅन्सरच्या डॉक्टरांना आज ती शिकवली जाते. या पायऱ्या आपण आपल्याकडच्या एका उदाहरणावरून समजून घेऊ.

समजा, गगनबावड्याजवळच्या एका वाडीतल्या आक्का आहेत, वय 54. डाव्या स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून भातलावण उरकेपर्यंत त्या गप्प राहिल्या. नंतर आशाताईंनी त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून कोल्हापूरला पाठवलं. तिथं सुईनं गाठीचा छोटा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात.

तयारीची खरी वेळ हीच असते, रिपोर्ट येण्याआधीची. तुकडा काढतानाच डॉक्टरांनी विचारायला हवं, "आक्का, रिपोर्ट आल्यावर काय निघालं ते तुम्हाला सांगू ना? बरोबर कुणाला आणणार?" त्यांनी विचारलं नाही, तर आपण म्हणावं, "डॉक्टर, रिपोर्ट सांगताना आक्कांबरोबर त्यांची लेक बसेल." तेव्हा आक्कांच्या मनावर ओझं कमी असतं, त्यामुळे मनातलं खरं सांगतात. वेळही सकाळची मागून घ्यावी. दुपारी उशिरा बातमी कळली, की शेवटची एसटी गाठायच्या घाईत काही विचारायचं राहतं, आणि भरलेल्या गाडीत रडताही येत नाही.

आता आपल्याकडं नेहमी घडणारी गोष्ट. रिपोर्ट मुलाच्या हातात पडतो. तो डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतो, "आईला काही सांगू नका, ती हाय खाईल." यात माया असते. पण पुढं काय होतं ते बघा. आक्कांना कॅन्सरच्या विभागात जावं लागतं आणि भिंतीवरच्या पाट्या त्यांना वाचता येतात. बाकावर शेजारी बसलेली बाई विचारते, "तुम्हाला कुठला आहे?" औषधानं केस गळतात. आक्कांना सगळं कळलेलं असतं, पण मुलगा बोलत नाही म्हणून त्याही बोलत नाहीत. एकाच घरात दोघंही एकमेकांपासून लपवत राहतात.

शिवाय ऑपरेशनला संमती आक्कांचीच लागते. सज्ञान आणि स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाच्या वतीनं घरच्यांनी दिलेली संमती चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 सालच्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. त्या प्रकरणात मुलीला भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेतली गेली होती. कसलं ऑपरेशन आहे हेच माहीत नसेल, तर आक्का संमती कशाला देणार?

अशा वेळी चांगला डॉक्टर मुलाला झिडकारत नाही. तो विचारतो, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" मुलगा म्हणतो, "बाबा गेले तेव्हा तिनं महिनाभर अन्न सोडलं होतं." मग डॉक्टर सांगतात, "मी त्यांच्यावर काही लादणार नाही. किती ऐकायचं ते त्यांनाच विचारीन. पण त्यांनी सरळ विचारलं, तर खोटं बोलणार नाही. तुम्ही शेजारी बसा." एवढं ऐकल्यावर बहुतेक मुलं तयार होतात.

पहिली पायरी जागेची. दार लावता येईल अशी खोली हवी. ओपीडीच्या गर्दीत ती मिळाली नाही, तर निदान पडदा ओढावा आणि रांग थोडी मागं सरकवावी. डॉक्टरांनी बसून बोलावं, फोन बंद ठेवावा, रिपोर्ट आधीच नीट वाचलेला असावा. आक्कांचे कपडे सावरलेले असावेत. तपासणीच्या टेबलावर झोपलेल्या बाईला अशी बातमी सांगू नये. बरोबर एक-दोन माणसं पुरेत, कोण ते आक्कांनी ठरवावं.

दुसरी पायरी, आक्कांना काय माहीत आहे ते विचारणं. "आतापर्यंत तुम्हाला काय सांगितलंय? तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?" आक्का म्हणतील, "दुधाची गाठ असंल." किंवा खाली बघून म्हणतील, "वाईट काहीतरी असंल." या दोन उत्तरांनंतर बोलणं वेगळं होतं. पहिल्या उत्तरात सावकाश जावं लागतं. दुसऱ्यात आक्का अर्ध्या वाटेवर येऊन थांबलेल्या असतात.

तिसरी पायरी परवानगीची. "रिपोर्ट आलाय. सगळं तपशिलानं सांगू, का थोडक्यात?" काही बायका म्हणतात, "माझ्या लेकाला सांगा, मला नको." तोही त्यांचा हक्कच आहे. पण हे मुलानं परस्पर ठरवणं वेगळं आणि आक्कांनी स्वतः म्हणणं वेगळं. आणि आज नको म्हणाल्या, तरी पुढच्या भेटीत पुन्हा विचारावं, कारण मन बदलतं.

चौथी पायरी सांगण्याची. आधी एक सूचना द्यायची: "आक्का, रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही." मग क्षणभर थांबायचं, म्हणजे मन धक्क्याला तयार होतं. त्यानंतर साध्या शब्दांत: "ही गाठ कॅन्सरची आहे." कॅन्सर हा शब्द एकदा स्पष्ट यायलाच हवा. नुसतं "गाठ आहे" म्हटलं, तर गोळ्यांनी विरघळेल असं वाटतं. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे" म्हटलं, तर काहींना चांगलाच आला असं वाटतं. हे एक वाक्य बोलून डॉक्टरांनी गप्प बसावं. लगेच केमो, स्कॅन, खर्च सुरू केलं, तर त्यातलं काहीच आक्कांच्या कानात शिरत नाही.

पाचवी पायरी, भावनेला जागा देणं. आक्का रडतील, चिडतील, किंवा दगडासारख्या बसून राहतील. तिथं "रडू नका", "काही होत नाही" म्हणायचं नाही. "हे ऐकून तुम्हाला मोठा धक्का बसलाय. कुणालाही बसेल," एवढं म्हणून थांबायचं. पाणी पुढं करावं. लेकीनं हात धरावा. आक्कांनी मान वर करून "आता काय करायचं?" असं काही विचारलं, की त्या पुढचं ऐकायला तयार झाल्या असं समजावं. तोवर थांबावं.

सहावी पायरी पुढच्या वाटेची. इथं दोन-तीन गोष्टीच सांगायच्या. "आजार आणखी कुठं पसरलाय का, ते बघायला तपासण्या करू. त्या आल्या की ऑपरेशन आधी का औषध आधी, ते ठरवू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्रांना भेटा." पुढच्या भेटीची तारीख कागदावर लिहून द्यावी. शेवटी विचारावं, "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" आक्का म्हणाल्या, "गाठ हाय, गोळ्या घ्यायच्यात," तर बातमी पोचलेली नाही, पुन्हा सांगायला हवं. "कॅन्सर हाय, अजून तपासण्या हायत, मग उपचार ठरणार," असं म्हणाल्या, तर नीट पोचली.

एक प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो: "किती दिवस राहिलेत?" पहिल्याच भेटीत याचं आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण आजार किती पसरलाय ते अजून कळलेलं नसतं. "पूर्ण बरं करतो" असा शब्दही देता येत नाही. खरं उत्तर असं असतं: "तपासण्या आल्यावर मी जास्त सांगू शकेन, आणि जे कळेल ते तुमच्यापासून लपवणार नाही." आजार हाताबाहेर गेलेला असला, तरी "आता आमच्या हातात काही नाही" असं वाक्य बोलू नये. दुखणं, धाप, उलटी कमी करण्याचे उपचार शेवटपर्यंत असतात. त्यांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आणि तेही डॉक्टरांकडं मागावेत.

आता बरोबर जाणाऱ्या मैत्रिणीनं काय करायचं? एक वही न्यावी. घरून निघताना आक्कांच्या मनातले तीन प्रश्न तिच्यात लिहून घ्यावेत आणि डॉक्टर बोलतील ते त्याखाली लिहावं, कारण धक्क्यानंतरचं ऐकलेलं आक्कांच्या लक्षात राहत नाही. उत्तरं आक्कांच्या वतीनं आपण देऊ नयेत. डॉक्टर त्यांच्याशी न बोलता मुलाशीच बोलू लागले, तर "डॉक्टर, आक्कांनाच सांगा, त्यांना समजतं," असं नम्रपणे म्हणावं. घाटातून परत येताना "आमच्या भावकीतल्या एकीला असंच झालं होतं" ही गोष्ट काढू नये. आक्का बोलल्या तर ऐकावं, गप्प बसल्या तर गप्प बसावं.

आणि आक्कांनी सांगितल्याशिवाय गटाच्या बैठकीत हा विषय निघता कामा नये. हप्ता का चुकला असं कुणी विचारलं, तर "त्यांच्या घरी अडचण आहे" एवढं पुरतं. कुणाला, कधी आणि किती सांगायचं, ते आक्का ठरवतील. पुढच्या भेटीची तारीख मात्र आपल्या वहीत लिहून ठेवा, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन विचारा, "आक्का, उद्या किती वाजताच्या गाडीनं निघायचं?"