‘असती तर’: आजचं की कालचं?

‘माझ्याकडे गाडी असती तर तुला सोडलं असतं.’ हे मराठी वाक्य आजचं असू शकतं आणि कालचंही. इंग्रजीत मात्र काळ आधी ठरवावा लागतो.

आज गाडी नाही: इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्रॉप यू.
काल गाडी नव्हती: इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव ड्रॉप्ड यू.

म्हणजे खोट्या कल्पनेसाठी क्रियापद एक पायरी मागे न्यायचं. आजच्या गोष्टीला साधा भूतकाळ, कालच्या गोष्टीला ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप.

नेहमीची चूक: मराठीत दोन्ही भागांत ‘असतं’ येतं, म्हणून ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे लावलं जातं. ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी’ असं न म्हणता ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम’ म्हणा. ‘वुड’ परिणामाच्या भागात येतं, अटीच्या नाही.

‘विश’लाही हाच नियम: आज पत्ता माहीत नसल्याची खंत असेल तर ‘आय विश आय न्यू द अ‍ॅड्रेस’. काल विचारला नाही याची खंत असेल तर ‘आय विश आय हॅड आस्क्ड’.

करून पाहा
१. काल पाऊस पडला नसता तर आम्ही खेळलो असतो: इफ इट ___ येस्टरडे, वी ___.
२. मला पोहता येत नाही, यायला हवं होतं: आय विश आय ___ स्विम.

उत्तरं: १. हॅडन्ट रेन्ड, वुड हॅव प्लेड. २. कुड.