'कोकणीत करून द्या' म्हणजे नक्की कशात? एका पत्रकाचा हिशोब



बिबवेवाडीत माझं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. भाषांतराची कामंही आम्ही घेतो. मराठी, हिंदी, इंग्रजी दुकानातच होतं, बाकीच्या भाषा बाहेरच्या अनुवादकाकडे जातात. आज एक असं काम सांगतो, ज्यात माझे आणि गिऱ्हाईकाचे मिळून ३,५०० रुपये बुडाले. चूक अनुवादकाची नव्हती. चूक ऑर्डर देण्यात आणि घेण्यात होती.

अप्परच्या बाजूला राहणाऱ्या एक ताई कोकम आगळ आणि मालवणी मसाला घरी बनवून विकतात. त्यांचा व्हॉट्सॲप मेसेज आला : "दादा, हे कोकणीत करून द्या. १,००० कॉपी. शुक्रवारी पाहिजे." सोबत हाताने लिहिलेल्या नऊ ओळींचा फोटो. मी "ओके ताई" म्हणालो आणि फोटो गोव्यातल्या एका अनुवादकाला पाठवून दिला.

शुक्रवारी पत्रकं बघून ताई म्हणाल्या, "अहो, हे माझ्याच माणसांना कळायचं नाही!"

पहिला घोळ : कुठली कोकणी?

पुण्यात आपण 'कोकणी' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा कोकणातल्या लोकांची बोली डोक्यात असते. ताईंचं माहेर कणकवलीकडचं. त्यांना मालवणी हवी होती, कारण त्यांची गिऱ्हाईकं म्हणजे पुण्यात स्थायिक झालेली सिंधुदुर्गची कुटुंबं. पण गोव्यातल्या माणसासाठी कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे. साहित्य अकादमीने तिला १९७५ मध्ये मान्यता दिली, १९८७ च्या कायद्याने ती देवनागरी लिपीत गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्यामुळे अनुवादकाने 'कोकणी' वाचून गोव्याची कोंकणी दिली, यात त्याचं काहीच चुकलं नाही.

फरक किती, ते एका वाक्यात बघा. "तुम्हाला आगळ हवं का?" हे मालवणीत साधारण "तुमका आगळ होया?" असं होईल. गोव्यात तेच "तुमकां आगळ जाय?" होतं. गोव्यात 'जाय' म्हणजे 'हवं'. पुण्यातला माणूस 'जाय' वाचतो आणि त्याला वाटतं कुणीतरी कुठंतरी जातंय. आणि पत्रकाचं पहिलंच वाक्य नेमकं हेच होतं.

यात लिपीचाही प्रश्न असतो. गोव्यात अनेक जण कोंकणी रोमी म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर ती कन्नड लिपीतही लिहिली जाते. म्हणून नुसतं बोलीचं नाव पुरत नाही. तालुका किंवा गाव सांगा, आणि लिपी सांगा.

दुसरा घोळ : मूळ मजकूर कुठल्या भाषेत?

तुम्ही म्हणाल, फोटो तर समोर होता, भाषा दिसतेच की! देवनागरीत तेवढं सोपं नसतं. ताईंच्या नऊ ओळींपैकी आठ मराठी होत्या. एक ओळ मात्र त्यांनी बाटल्या पुरवणाऱ्याच्या हिंदी खोक्यावरून उतरवली होती : "विशेष उपहार". हिंदीत उपहार म्हणजे भेटवस्तू, मराठीत बरेच जण उपहार म्हणजे खाणं असं धरतात, जसं उपहारगृह. बाकी सगळं मराठी असल्यामुळे अनुवादकाने हीही ओळ मराठीच धरली. ताई देणार होत्या मसाल्याचं छोटं पाकीट, पत्रकावर छापलं गेलं नाश्ता मिळेल असं.

असे शब्द बरेच आहेत. 'खाली' म्हणजे हिंदीत रिकामं. 'शिक्षा' म्हणजे हिंदीत शिक्षण. 'संशोधन' म्हणजे हिंदीत दुरुस्ती. पूर्ण वाक्य असेल तर 'है' किंवा 'आहे' वरून लगेच कळतं. अडचण येते ती सुट्ट्या शब्दांत, म्हणजे लेबल, दरपत्रक, मेनू यांत.

तिथे मी आता दोन-तीन खुणा बघतो. 'ळ' दिसला तर बहुधा मराठी. 'ड़', 'ढ़' अशी खाली टिंब असलेली अक्षरं दिसली तर हिंदी. आणि शेवटची वेलांटी : हिंदीत 'प्रकृति' ऱ्हस्व, मराठीत 'प्रकृती' दीर्घ. पण 'उपहार'मध्ये यातलं काहीच नाही. तिथे फक्त लिहून देणारा माणूसच सांगू शकतो.

तिसरा घोळ : मान किती द्यायचा?

पत्रकानंतर ताईंनी दुकानदारांसाठी पत्र करून घेतलं. भाच्याने इंग्रजीत लिहिलेलं, मला मराठीत करायचं होतं. इंग्रजीत 'यू' एकच. मराठीत तू, तुम्ही, आपण. वाचणारा कोण हे मी विचारलंच नाही आणि सगळ्यात आदराचं म्हणून लिहिलं : "वाहतूक खर्च आपण करायचा आहे."

मराठीत 'आपण' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही' आणि 'आपण' म्हणजे 'तुम्ही-आम्ही मिळून' सुद्धा. एका दुकानदाराने दुसरा अर्थ घेतला आणि निम्मंच भाडं दिलं. त्याच्या जागी तो बरोबर होता. आता पैशाच्या ओळीत मी सर्वनाम ठेवतच नाही : "वाहतूक खर्च दुकानदाराने करावा." बाकी मजकुरात व्यापाऱ्यांना 'आपण', गिऱ्हाईकांना 'तुम्ही'. वापराच्या सूचनेत 'हलवून घ्यावे', स्टेटसवर 'हलवून घ्या'. एका कागदावर एकच पद्धत.

मग ऑर्डर कशी द्यायची?

पहिल्या खेपेचे अनुवादाचे ९०० आणि छपाईचे २,६०० रुपये गेले. ते आम्ही निम्मे-निम्मे सोसले. दुसऱ्यांदा पाठवण्याआधी मी ताईंना दुकानात बसवून हा मेसेज तयार केला :

"मूळ मजकूर मराठी. ओळ ६ हिंदी, उपहार म्हणजे भेटवस्तू (मसाल्याचं पाकीट). हवी ती मालवणी, कणकवलीकडची, देवनागरीत. वाचणारी : पुण्यात राहणारी सिंधुदुर्गची कुटुंबं, मोठी माणसं जास्त. बोलणं घरगुती, पण मान देऊन. 'आगळ' आणि ब्रँडचं नाव तसंच ठेवा."

यावेळी काम कणकवलीच्याच एका शिक्षकांकडे दिलं. तरी एक मर्यादा लक्षात ठेवा. मालवणी देवगडला आणि सावंतवाडीला अगदी एकसारखी नाही आणि ती लिहायची एक पक्की पद्धतही ठरलेली नाही. म्हणून छापण्याआधी ताईंनी मजकूर आईला फोनवर वाचून दाखवला. आईने दोन शब्द बदलले. तो पाच मिनिटांचा फोन फुकट होता.

अजून एक. बोली पत्रकावर शोभते, पण खाद्यपदार्थाच्या लेबलवरची सक्तीची माहिती नियमाप्रमाणे इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागते. दुसरी भाषा जोडीला चालते, तिच्या जागी नाही.

आता माझ्या काउंटरवर एक छोटा कागद चिकटवलाय : कुठून? कुठल्या गावच्या बोलीत? कुठल्या लिपीत? कोण वाचणार? चारही उत्तरं मिळेपर्यंत मी "ओके" टाइप करत नाही. परवा ताई पुन्हा आल्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी चारही उत्तरं सांगितली, आणि वर म्हणाल्या, "ओळ ३ हिंदी आहे हां दादा."