एका ओळीची पिशवी

पिशवीत ६ किलोच मावतात. प्रत्येक वस्तू एकतर पूर्ण घ्यायची, नाहीतर सोडायची, आणि एकूण किंमत जास्तीत जास्त हवी. यासाठी तक्ता मांडतात: दर वस्तूला एक ओळ, ० ते ६ किलोंना एकेक रकाना. नवी ओळ भरताना फक्त तिच्या वरची ओळ लागते, म्हणून एकच ओळ ठेवून तीच खोडत-लिहीत जाता येते. वेळ तितकाच लागतो, वाचते ती जागा.

पण भरायचे कुठून? समजा, पहिलीच वस्तू २ किलोची, ३० रुपयांची. ओळीत सगळी शून्ये.

```
for w in range(6, 1, -1):
    d[w] = max(d[w], d[w-2] + 30)
```

डावीकडून भरले, तर `d[2]` होते ३०. मग `d[4]` त्याच नव्या ३० वर आणखी ३० चढवते, आणि `d[6]` मध्ये ९० येतात. एकच वस्तू तीनदा पिशवीत गेली! उजवीकडून भरताना `d[6]` ला `d[4]` अजून जुनेच, म्हणजे शून्य, सापडते. उत्तर ३०, आणि तेच बरोबर.

वस्तू हव्या तितक्या वेळा घेता येत असतील, तर मात्र डावीकडूनच भरावे. एका ओळीत एक गोष्ट हरवते: कोणत्या वस्तू निवडल्या, हे मागे जाऊन शोधता येत नाही. ती यादी हवी असेल, तर वेगळी नोंद ठेवावी लागते.