दोन बॅटऱ्या आणि एक प्रामाणिक स्लाइड

तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. रोज जवळपास चार तास वीज जाते आणि शाखेतले दोन संगणक, कॅमेरे आणि दिवे मिळून १८० वॅटचा भार चालू ठेवायचा आहे. समोर दोन कोटेशन आहेत. एकात नेहमीची ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी आहे, १५० अँपिअर-तासांची. दुसऱ्यात लिथियम, १०० अँपिअर-तासांची. संचालकांच्या बैठकीत दाखवायची स्लाइड बहुतेक वेळा अशी होते: डावीकडे लेड-ॲसिडचे चार मुद्दे, उजवीकडे लिथियमचे नऊ, आणि तेही विक्रेत्याच्या पत्रकातून जसेच्या तसे उचललेले. ‘जलद चार्जिंग’ या ओळीसमोर डावी बाजू रिकामी. आता ती बॅटरी जलद चार्ज होत नाही की कुणी विचारलंच नाही, हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

उपाय साधा आहे. कोटेशन उघडण्याआधी ओळी ठरवायच्या. संस्थेला काय हवंय, त्यावरून सहा-सात प्रश्न लिहायचे आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोन्ही रकान्यांत, एकाच मापात द्यायचं. उत्तर मिळालं नाही तर ‘विक्रेत्याने सांगितले नाही’ असं लिहायचं; रकाना मोकळा सोडायचा नाही.

माप एक करणं ऐकायला सोपं वाटतं, पण खरी गफलत तिथेच होते. अँपिअर-तास शेजारी ठेवले की १५० जिंकतात आणि १०० हरतात. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर मरते, म्हणून १२ व्होल्टने गुणून मिळणाऱ्या १८०० वॅट-तासांपैकी ९००च धरायचे. लिथियम १२.८ व्होल्टची. तिचे १२८० वॅट-तास होतात आणि ८० टक्के वापरले तरी चालतात, म्हणजे सुमारे १०२४. इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के वीज वाया जाते असं धरलं, तर १८० वॅटच्या भारावर पहिली सव्वाचार तास चालेल, दुसरी पाच तासांना थोडी कमी. म्हणून ओळीचं नाव ‘क्षमता’ नको, ‘शाखा किती तास चालेल’ असं हवं. त्या ओळीत दोघी पास होतात, आणि हेही संचालकांना दिसलंच पाहिजे.

वॉरंटीचं तसंच. पत्रकावर मोठ्या अक्षरात ‘६० महिने’ असतं, आत वाचलं तर ३६ महिने बॅटरी बदलून मिळणार आणि पुढचे २४ महिने फक्त किमतीत सवलत. ओळ ‘बॅटरी फुकट बदलून किती काळ मिळेल’ अशी केली की हा आकडा आपोआप ३६ होतो.

पैशांच्या ओळी दोन: आज किती आणि नऊ वर्षांत किती. (इथले आकडे उदाहरणासाठी धरले आहेत.) लेड-ॲसिडला आज १६ हजार. रोजच्या वापरात तीन वर्षं टिकते असं धरलं तर तीन बॅटऱ्या, वर्षाला ५०० रुपये पाणी भरण्याचे, आणि प्रत्येक जुन्या बॅटरीचे मोडीत ३ हजार परत: एकूण ४३,५००. लिथियम ३४ हजारांची. शिवाय जुना इन्व्हर्टर तिला चालत नसेल तर तो बदलायला ६ हजार. म्हणजे ४० हजार, तीही नऊ वर्षं टिकली असं धरून. इन्व्हर्टरचा खर्च गाळणं ही अशा तक्त्यांतली नेहमीची लबाडी.

शिफारस आता लिथियमची. ती ठळक दिसावी, पण तक्ता वाकडा न करता. दोन्ही रकाने सारख्या रुंदीचे, अक्षर एकाच आकाराचं. शिफारशीच्या रकान्याला फिकट रंगाची पट्टी, जाड चौकट आणि वर ‘शिफारस’ हा शब्द. नुसत्या रंगावर भिस्त नको: जुन्या प्रोजेक्टरवर फिकट रंग उडतो, आणि सभासदांना वाटायची प्रत काळी-पांढरी निघते. निर्णय ज्या ओळीवर ठरला तेवढीच, म्हणजे नऊ वर्षांच्या खर्चाची, ठळक करावी. ‘आज लागणारे पैसे’ या ओळीत लेड-ॲसिड स्वस्त आहे. तो आकडा बारीक करून लपवू नये. हिरव्या-लाल खुणांपेक्षा आकडेच बरे, कारण खूण किती फरक आहे ते सांगत नाही.

स्लाइडच्या डोक्यावर ‘बॅटरी तुलना’ न लिहिता ‘रोज चार तास वीज जात असेल तर लिथियम घ्यावी’ असं लिहावं. आणि तळाशी एक ओळ हवीच, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते: निर्णय कधी उलटेल? वीज महिन्यातून दोन-तीनदाच जात असेल, तर लेड-ॲसिड पाच वर्षं सहज धरता येते. मग दोनच बॅटऱ्या लागतात, खर्च ३०,५०० वर येतो आणि शिफारस बदलते. बैठकीआधी वीज किती वेळ जाते याची महिनाभराची नोंद संचालकांनी मागून घ्यावी.