महूला गेलेले दुसरे पत्र

इंदूरजवळचे महू हे १८१८ च्या मंदसोर तहानंतर वसलेले लष्करी ठाणे. पलटणी आल्या, गेल्या. त्यांच्यासोबत चाकरीनिमित्त गेलेल्या कुटुंबांच्या मुलांचे बाप्तिस्मे तेथेच झाले आणि पुढे ती कुटुंबे देशभर पांगली. म्हणून आपल्याकडील एखाद्या घराला आजोबांच्या दाखल्यासाठी आजही तेथील चर्चला पत्र लिहावे लागते.

समजा, जूनमध्ये पहिले पत्र गेले. जुलैत उत्तर आले: बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या आईचे नाव कळवावे. पुढे भातलावणी आली, घरात आजारपण झाले आणि पत्र कपाटातच राहिले. आता डिसेंबरात लिहावयाचे आहे. पुष्कळजण आरंभ करतात, ‘मागील पत्रात कळविल्याप्रमाणे’. कोणत्या पत्रात? मधल्या काळात कदाचित फादर बदलले असतील, आणि तेच असले तरी त्यांच्या मेजावरून कितीतरी पत्रे गेलेली असतात. मग उलट टपाली प्रश्न येतो, ‘आपणांस कोणता दाखला हवा आहे?’ तो आला म्हणजे ओळ फसली असे खुशाल समजावे.

त्याऐवजी पहिलीच ओळ अशी लिहावी: ‘१२ जूनच्या पत्रात मी आजोबांचा १९३८ सालचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला होता, ३ जुलैच्या उत्तरात आपण त्यांच्या आईचे नाव विचारले होते, ते पुढे देत आहे.’ तिच्यात काय मागितले, कोठवर आले आणि आता कोणाची पाळी आहे, हे तिन्ही आले. यांतील शेवटचे बहुधा विसरले जाते. वरील उदाहरणात काम आपल्याकडूनच अडले होते. ‘अद्याप दाखला मिळाला नाही’ असे लिहिणे म्हणजे आपला विलंब दुसऱ्याच्या माथी मारणे होय.

साल मात्र वगळू नये. बाप्तिस्म्याच्या नोंदी तारखेच्या क्रमाने होतात, आणि पलटणीच्या गावी एकाच नावाची दोन मुले सापडणे नवलाचे नाही. तेथे आईबापांची नावेच निवाडा करतात. उत्तरावर जावक क्रमांक असेल तर तो आपल्या तारखेच्या आधी घालावा, कारण कागद त्यांच्या क्रमांकाने शोधला जातो, आपल्या आठवणीने नव्हे. आजारपणाची हकीकत या ओळीत नको. सांगावीशी वाटली तर पत्राच्या शेवटी सांगावी. जुन्या पत्राची नक्कल जोडल्यास उत्तमच, तरी ओळ हवीच, कारण सोबतचे कागद वेगळे होतात. मोबाईलवरून संदेश धाडणाऱ्यांनाही हेच लागू आहे. नुसते ‘नमस्कार, काय झाले?’ वाचून समोरच्याने जुने संदेश कोठवर चाळावेत?

आणखी एक बारकावा. २००३ साली महूला डॉ. आंबेडकर नगर हे नाव देण्यात आले. जुन्या वहीत व दाखल्यांत महू असेच असावयाचे. म्हणून पाकिटावर दोन्ही नावे लिहावीत, आणि त्या पहिल्या ओळीत मात्र वहीतलेच.